भाजलंय, पण दुखत नाही? मग दवाखाना लगेच गाठा

भाजलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, "आग होतेय का?" होते म्हटलं की घरात धावपळ सुरू होते. नाही म्हटलं की सगळे निर्धास्त होतात. नेमकं इथेच चुकतं. मच्छे, उद्यमबाग या भागात फाउंड्रीची भट्टी आहे, निपाणीच्या बाजूला गुऱ्हाळाची काहील आहे आणि घरोघरी न्हाणीत उकळत्या पाण्याचा हंडा आहे. तिन्हीकडे माणसं भाजतात, आणि जखम बघून ती किती खोल आहे याचे अंदाजही सगळीकडे सारखेच चुकतात.

गैरसमज १ : जितकं जास्त दुखतं, तितकं खोल भाजलेलं असतं.

वस्तुस्थिती बरीचशी उलटी आहे. कातडीचा बाहेरचा थर अगदी पातळ असतो. त्याखालच्या जाड थरात रक्तवाहिन्या, केसांची मुळं आणि वेदना कळवणाऱ्या नसा असतात. वरवर भाजलं तर या नसा जिवंत राहतात, उघड्या पडतात आणि नुसता वारा लागला तरी आग होते. खोलवर भाजलं तर नसाच जळतात. तिथे स्पर्श कळत नाही की टोचलेलं कळत नाही.

समजा, फाउंड्रीत ओतकाम चालू असताना लेडलमधून लोखंडाचा एक थेंब उडाला आणि कामगाराच्या बुटात गेला. वितळलेलं लोखंड तेराशे-चौदाशे अंशांचं असतं. बूट काढेपर्यंत पायाच्या वरच्या बाजूला रुपयाएवढा डाग पडलेला असतो. त्याची कड लालसर असते आणि ठणकते. मधला भाग पांढुरका, कोरडा, मेणासारखा दिसतो आणि दाबला तरी कळत नाही. फोडही नसतो. "किरकोळ आहे" म्हणत तो पट्टी बांधून पुन्हा कामावर उभा राहतो. तो पांढरा भाग पूर्ण जाडीचा भाजलेला असतो. त्यात नवी कातडी तयार करणारं काही उरलेलं नसतं. काही दिवसांनी तिथे काळी कडक खपली धरते, कडेनं पू येतो आणि जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर मेलेली कातडी काढून वेळेत तिथे नवी कातडी लावता आली असती.

गैरसमज २ : फोड आले म्हणजे खोल, फोड नाहीत म्हणजे साधं.

खोली फोडावरून नाही, फोडाखालच्या तळावरून कळते. फोड घरी फोडायचा नाही. पण तो आपोआप फुटला असेल, तर हात साबणानं धुऊन चार गोष्टी बघता येतात: रंग, ओलसरपणा, दाबल्यावर काय होतं आणि स्पर्श कळतो का.

नुसती लाली आहे, कातडी कोरडी आणि अखंड आहे, हात लावला की दुखतं, ही सर्वांत वरवरची पायरी. उन्हानं कातडी भाजते तसं हे असतं आणि आठवड्याच्या आत जातं. फोडाखाली गुलाबी, ओलसर तळ असेल आणि हलकेच दाबल्यावर तो पांढरा होऊन बोट काढताच झटकन गुलाबी होत असेल, तर खालचं रक्ताभिसरण शाबूत आहे. ही जखम फार दुखते, पण साधारण दोन-तीन आठवड्यांत आपली आपण भरते.

तळ लाल-पांढरा ठिपकेदार असेल, फारसा ओला नसेल, दाबल्यावर रंग हळूहळू परतत असेल किंवा मुळीच बदलत नसेल आणि स्पर्श न कळता फक्त दाब जाणवत असेल, तर ती खोल जखम आहे. तिला भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागतात आणि मागे ताठ वण राहतो. सर्वांत खोल जखम पांढरी, तपकिरी किंवा काळी असते. ती हाताला चामड्यासारखी लागते आणि तिथे वेदना नसते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, जागा फक्त जरा गडद वाटते. अशा वेळी रंगावर विसंबू नका. शेजारच्या चांगल्या कातडीशी ऊब, सूज आणि स्पर्श ताडून बघा.

गैरसमज ३ : पहिल्या दिवशी दिसलं, तेवढंच भाजलंय.

भाजलेली जखम दोन-तीन दिवस बदलत राहते. ब्रिटिश सर्जन जॅक्सन यांनी १९५३ साली याचं कारण मांडलं. जखमेच्या मध्यभागी पेशी मेलेल्या असतात, तिथे करण्यासारखं काही नसतं. त्याभोवतीच्या पट्ट्यात रक्तप्रवाह मंदावलेला असतो, पण पेशी अजून जिवंत असतात. या पट्ट्याला पाणी कमी पडलं, रक्तदाब उतरला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर तोही मरतो आणि काल वरवरची वाटलेली जखम आज खोल निघते. अनुभवी सर्जनचा डोळ्यांनी केलेला अंदाजही साधारण तीनपैकी दोनदाच बरोबर ठरतो. म्हणूनच डॉक्टर ४८ ते ७२ तासांनी जखम पुन्हा उघडून बघतात. घरी सोडलेल्या रुग्णाला "परवा या" सांगितलं असेल, तर ते टाळू नका.

गैरसमज ४ : आधी काहीतरी लावलंच पाहिजे.

हळद, निळी शाई, टूथपेस्ट, तूप, बटाट्याचा कीस यांतलं काही ना काही घरात असतंच. या लेपांनी जंतू आत जाऊ शकतात आणि उष्णता आत अडकू शकते. शिवाय खोली ओळखण्यासाठी डॉक्टरला जो रंग बघायचा असतो, तोच लेपाखाली झाकला जातो. हळदीनं पिवळी किंवा शाईनं निळी झालेली जखम आतून गुलाबी आहे की पांढरी, हे कळणार कसं? लेप खरडून काढताना रुग्णाला होणारा त्रास वेगळाच.

उपयोगी असतं ते नळाचं वाहतं, साधं गार पाणी. ते २० मिनिटं घ्यायचं, आणि भाजल्यापासून तीन तासांच्या आत घेतलं तरी फायदा होतो. बर्फ लावायचा नाही. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि मघाशी सांगितलेला जिवंत पट्टा मरू शकतो. गुऱ्हाळात काहिलीतला पाक अंगावर उडाला, तर जास्त घाई करा. गूळ तयार होताना पाक ११५ अंशांच्या आसपास असतो आणि कातडीला चिकटून भाजत राहतो. चिकटलेला गूळ ओरबाडू नका, त्याच्यावरच पाणी ओतत राहा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, मनगटाचे दोरे मात्र लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत आणि बोट आवळलं जातं.

गैरसमज ५ : थोडंसंच भाजलंय, एवढ्यासाठी मोठ्या दवाखान्यात कशाला?

"थोडंसं" किती, हे मोजता येतं. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे साधारण एक टक्का अंग. मोजताना नुसती लाली धरायची नाही. फोड आलेली आणि त्याहून खोल जागाच धरायची.

समजा, दोन वर्षांचं पोर अंघोळीसाठी काढून ठेवलेल्या गरम पाण्याच्या बादलीत बसकट पडलं. पाणी ६० अंशांचं असेल तर मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत खोलवर भाजते, मुलाची तर त्याहून पातळ. पार्श्वभाग, मांड्यांचा मागचा भाग आणि कंबर भाजलीय. मुलाच्या तळहातानं मोजलं तर ही जागा ११-१२ तळहात भरते. लहान मुलाचं १० टक्के आणि मोठ्या माणसाचं १५ टक्के अंग भाजलं की शिरेतून सलाइन द्यावं लागतं, कारण भाजलेल्या जागेतून आणि सुजेत शरीरातलं पाणी वेगानं जातं. आठ टक्के असतं, तरी हे मूल लगेच रुग्णालयातच न्यायला हवं होतं, कारण गुप्तांगाजवळची जागा भाजलीय. शिवाय गरम पाण्यानं खोल भाजलेली मुलाची कातडी पुष्कळदा पांढरी न दिसता गडद लाल दिसते. ती लाली दाबल्यावर जात नाही, पण बघणाऱ्याला वाटतं, नुसतं लाल झालंय. या मुलाला पाण्याखाली धरताना बाकीचं अंग कोरड्या कापडात गुंडाळून ऊबदार ठेवा, नाहीतर ते गारठतं.

काही जखमा आकारानं कितीही लहान असल्या तरी थेट रुग्णालयात न्याव्या लागतात. चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, गुप्तांग किंवा मोठ्या सांध्यावरची जखम त्यांत येते. हाताभोवती, पायाभोवती किंवा छातीभोवती पूर्ण वेढा घातलेली जखमही येते, कारण कडक झालेली कातडी आत सुजलेल्या भागाला आवळते आणि रक्तपुरवठा किंवा श्वास अडवते. कुठल्याही आकाराचा पांढरा किंवा चामड्यासारखा डाग, रसायनानं भाजलेलं, तान्हं मूल, वयस्कर माणूस आणि मधुमेही यांनाही थांबवून ठेवू नका.

विजेचा धक्का सर्वांत फसवा. तळहातावर एक ठिपका आणि तळपायावर एक ठिपका दिसतो, पण त्यांच्यामधून प्रवाह गेलेला असतो. आतले स्नायू जळालेले असू शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पुढे लघवी चहाच्या रंगाची झाली, तर स्नायू मोडत असल्याची आणि मूत्रपिंडाला धोका असल्याची ती खूण आहे.

बंद खोलीत धुरात सापडलेल्या माणसाच्या अंगावर एकही फोड नसला, तरी नाकातले केस जळलेत का, थुंकीत काजळी येते का, आवाज घोगरा झालाय का ते बघा. यांतलं एक जरी असलं तरी घसा आतून सुजतोय असं समजा. ही सूज काही तासांत श्वासनलिका बंद करू शकते, म्हणून इथे वाट बघायची नाही.

नेताना

मच्छेहून बेळगावचं जिल्हा रुग्णालय किंवा केएलईचं रुग्णालय फार लांब नाही, आणि कर्नाटकात १०८ नंबरवर रुग्णवाहिका मिळते. जखमेवर स्वच्छ, कोरडं सुती कापड किंवा स्वयंपाकघरातला पारदर्शक प्लास्टिकचा रोल सैल ठेवा. तो चिकटत नाही आणि डॉक्टरला न उघडता जखम दिसते. मोठ्या प्रमाणात भाजलं असेल तर तोंडानं काही भरवत बसू नका. निघण्यापूर्वी घड्याळ बघून भाजल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. सलाइनच्या पहिल्या आठ तासांचा हिशेब डॉक्टर रुग्ण दारात आल्यापासून नाही, तर भाजल्याच्या क्षणापासून करतात. तुम्हाला यायला दोन तास लागले असतील, तर राहिलेलं सलाइन सहाच तासांत द्यावं लागतं. त्या वेळेसोबत कशानं भाजलं, पाणी किती मिनिटं ओतलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, एवढं सांगितलं की डॉक्टरला उपचार सुरू करायला पुरतं.