मिलानोचा म, आन्कोनाचा आ

हळदीच्या शेडमध्ये फोनसुद्धा पिवळा होतो. मलकापुरातल्या त्या छोट्या निर्यातदाराकडे मी गेलो होतो ते पॉलिशचं ड्रम बघायला. सांगली जिल्ह्यातून आलेली वाळकी हळकुंडं त्यात फिरत होती आणि आवाजात माणसाचं बोलणं बुडत होतं. तेवढ्यात काचेच्या केबिनमधून खणखणीत शब्द आले : ‘ब्वोन्जोर्नो!’ मागे वळून पाहिलं. पन्नाशीच्या एक बाई पदराने रिसीव्हर पुसत बोलत होत्या. सगळे त्यांना काकू म्हणतात. हळदीचं काम सोडून मी मग चार वेळा तिथे गेलो, तो त्या फोनसाठी.

इटलीत हळदीला कुर्कुमा म्हणतात. माल घेणारी मंडळी छोटी आहेत आणि इंग्रजी बोलायला बिचकतात. म्हणून मालकांनी पुण्याच्या इटालियन शिकवणाऱ्या एका बाईंकडून फोनवर बोलायची वाक्यं लिहून घेतली आणि कार्यालय बंद असताना वाजणारा निरोपही घेतला.

ते निरोपाचं यंत्र कशाला, हे काकूंनी मला एका आकड्यात सांगितलं. ‘साडेतीन तास, सर. थंडीत साडेचार.’ मार्चच्या शेवटच्या रविवारी इटलीची घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. तिकडे सकाळी नऊला कार्यालय उघडतं, तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेबारा वाजतात आणि हिवाळ्यात दीड. तिथली माणसं जेवून अडीचला परत येतात, तेव्हा मलकापुरात संध्याकाळचे सहा किंवा सात झालेले असतात. म्हणजे त्यांची अख्खी दुपार आपल्या बंद कुलपावर येऊन आदळते. साडेतीन असो की साडेचार, दुपारी आलेला फोन उचलायला इथे कोणीच नसतं.

निरोप अगदी आखूड आहे. कंपनीचं नाव, मग ‘लाशाते उन मेस्साज्जो दोपो इल सेन्याले आकूस्तिको’, म्हणजे सूचक आवाजानंतर निरोप ठेवा; मग नाव आणि नंबर सांगा; शेवटी आम्ही पुढच्या कामाच्या दिवशी फोन करू. पहिल्या मसुद्यात ‘दोमानी’, उद्या, असा शब्द होता. तो खोटा ठरायचा. शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला तर उद्या शनिवार. मलकापूर चालू असतं, पण इटली बंद. म्हणून ‘प्रोस्सिमो जोर्नो लावोरातीवो’. शब्द लांबला, पण दिलेला शब्द पाळता येऊ लागला.

काकूंचं इटालियन आहे देवनागरीत, वहीच्या पानावर, शाईने. बाईंनी मुद्दामच रोमन लिपी टाळली. इंग्रजी शाळेतून आलेला माणूस इटालियनचा त आणि द हमखास ट आणि ड करून टाकतो. मराठीत ते दातांवरचेच आहेत. जोडाक्षरंही कामी येतात. मेस्साज्जोतला स्स आणि ज्ज दाबून म्हणावा लागतो, आणि ‘कच्चा’ म्हणणाऱ्या जिभेला तो दाब ठाऊक असतो. ‘ग्रात्सिए’ मात्र अडलं. त्यातला मधला उच्चार आपल्या ‘चमचा’मधल्या च चा, पण मराठीत इकारापुढे च आला की तो ‘चिमणी’सारखा होतो. त्यामुळे तिथे ‘त्स’ लिहून खाली लाल रेघ मारली आहे. ‘सरळ धन्यवाद म्हटलं तर चालणार नाही का, असं विचारलं मी,’ काकू म्हणाल्या, ‘पण त्यांना बरं वाटतं ओ.’

इथे एक अडचण आहे, आणि माझ्या मते हीच या कामातली खरी गोष्ट. काकूंनी पहिलं वाक्य जितकं सफाईने म्हणावं तितका पलीकडचा माणूस वेगाने सुटतो. त्याला वाटतं, इथे इटालियन येतं. सुरुवातीला असंच झालं. एक गृहस्थ मिनिटभर बोलले आणि काकूंच्या हाती फक्त ‘कुर्कुमा’ लागलं. मग बाईंनी पान नव्याने लिहिलं. तिसऱ्या ओळीला असलेलं ‘पार्लो पोको इतालियानो’, मला इटालियन थोडंच येतं, हे नमस्काराच्या लगेच मागे आलं, आणि त्याला जोडून ‘लेन्तामेन्ते, पेर फावोरे’, सावकाश बोला. त्या दिवसापासून गाडी रुळावर आहे. उच्चार घासूनपुसून घेणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

नाव सांगायची रीतही शिकावी लागली. इटलीत फोनवर अक्षरं गावांच्या नावांनी सांगतात. मलकापूर या नावाची आणखी गावं बुलढाण्यात आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीला आहेत, त्यामुळे कागदावर ते नीट उतरायलाच हवं. काकू डोळे मिटून म्हणतात : ‘एम्मे कोमे मिलानो, आ कोमे आन्कोना, एल्ले कोमे लिवोर्नो...’ मग जरा थांबतात, कारण के हे अक्षर इटालियनच्या मूळ एकवीस अक्षरांत नाहीच. तिथे नुसतं ‘काप्पा’. पुढे पुन्हा आन्कोना, पालेर्मो, ऊदिने, आणि शेवटी रोमा. आगाशिवचा डोंगर समोर दिसत असताना काकूंच्या तोंडून अर्धी इटली ऐकताना मला दर वेळी थांबावंसं वाटलं.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी मी तिथे होतो. संध्याकाळी साडेसातला निरोप आला. शनिवारी सकाळी काकूंनी तो लावला. बाईचा आवाज, पाच क्विंटलची चौकशी. ‘क्विन्ताले’ तिकडेही शंभर किलोचंच, त्यामुळे तेवढं चटकन कळलं. मग तिचा नंबर. पडद्यावर दिसत होता तो तिच्या कार्यालयाच्या मुख्य फोनचा. तिने स्वतःचा वेगळा सांगितला होता. तो शून्याने सुरू होत होता. आपल्याकडे परदेशातून फोन लावताना आपण पहिलं शून्य गाळतो. इटलीच्या घरगुती आणि कार्यालयीन नंबरांना ३९ नंतर ते शून्य ठेवावंच लागतं, नाहीतर फोन लागत नाही. काकूंना ते पाठ होतं. अडलं ते शेवटच्या दोन आकड्यांवर. ‘सेस्सान्तासेत्ते’ की ‘सेत्तान्तासेई’? सदुसष्ट की शहात्तर? ड्रम बंद करायला लावून काकूंनी तीन वेळा ऐकलं. साठ आणि सत्तर यांत फरक फक्त मधल्या अक्षराचा : स्स की त्त. अखेर वहीत दोन्ही नंबर लिहून घेतले आणि निरोपाच्या मजकुरात भर घालायला पुण्याच्या बाईंना फोन केला : नंबर सांगताना ‘चिफ्रा पेर चिफ्रा’, एकेक आकडा.

सोमवारी मी मुद्दाम लवकर गेलो. भिंतीवरच्या कागदावर काकूंनी ‘साडेचार’ खोडून ‘साडेतीन’ लिहिलं होतं. खाली चार वाजण्यापूर्वी लावायचं, असंही. कारण त्यानंतर तिकडे जेवणाची सुट्टी. साडेबाराला त्यांनी पहिला नंबर फिरवला, सदुसष्टचा. वाजला. पलीकडून आवाज आला तो तिचा होता की नाही ते मला कळेना. काकू नमस्कार करून लगेच म्हणाल्या, पार्लो पोको इतालियानो, आणि पिवळ्या बोटाने वहीवरची पुढची ओळ धरून ठेवली.