हॅकेथॉन : पहिली मुदत महाविद्यालयाचीच

नागपूर - केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये विद्यार्थ्यांच्या गटाला थेट प्रवेश मिळत नाही. प्रथम महाविद्यालयातील अंतर्गत फेरीतून निवड व्हावी लागते. निवडलेल्या गटांची नावे महाविद्यालयाने नेमलेले समन्वयकच पुढे पाठवितात. त्यामुळे केवळ राष्ट्रीय स्तरावरील अखेरच्या तारखेवर विसंबणाऱ्यांची संधी त्यापूर्वीच हुकलेली असते.

गटाबाबतचे नियम काटेकोर आहेत. गटप्रमुखासह सहा सदस्य आणि त्यांत किमान एक विद्यार्थिनी हवी. सर्व जण एकाच महाविद्यालयाचे असावे लागतात. ‘व्हीएनआयटी’तील विद्यार्थ्याला शहरातील अन्य महाविद्यालयातील मित्राबरोबर गट करता येत नाही. शाखा मात्र वेगवेगळ्या चालतात.

राष्ट्रीय छाननीसाठी २०२४ मध्ये कल्पना कमाल सहा स्लाइडमध्ये, पीडीएफ स्वरूपात मांडायची होती. परीक्षक नावीन्य, स्पष्टता, व्यवहार्यता, टिकाऊपणा, परिणामाची व्याप्ती आणि वापरातील सुलभता पाहतात. समजा, छायाचित्रावरून संत्र्यावरील रोग ओळखणारे ॲप सुचवायचे आहे. ‘शेतकऱ्यांना लाभ होईल’ एवढ्याने व्यवहार्यता सिद्ध होत नाही. रोगाची छायाचित्रे कोठून मिळणार, शेतात नेटवर्क नसल्यास ॲप कसे चालणार, याची उत्तरे त्या सहा स्लाइडमध्येच द्यावी लागतात. कारण या टप्प्यावर परीक्षकांसमोर गट नसतो, फक्त फाइल असते.

अंतिम फेरीत सॉफ्टवेअर गटांना सलग ३६ तास मिळतात. २०२४ मध्ये ती ११ डिसेंबरपासून देशातील ५१ केंद्रांवर एकाच वेळी झाली.