दोन भाषांतलं एक वचन

मुलगी साताऱ्याची, मुलगा कानपूरचा, दोघांची नोकरी पुण्यात. लग्न विशेष विवाह कायद्याने करायचं आणि त्याच मांडवात एकमेकांना आपल्या शब्दांत वचनं द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. साताऱ्याच्या आजींना हिंदी सिनेमापुरतंच कळतं आणि कानपूरच्या काकांना मराठी अजिबात कळत नाही. मी भाषांतराचं काम करते, म्हणून दोघं मसुदा घेऊन माझ्याकडे आले. वचनं मुलाने हिंदीत लिहिली होती, मुलीने मराठीत, आणि मी शेजारी दुसऱ्या भाषेतला अनुवाद लिहून द्यावा एवढीच त्यांची अपेक्षा होती.

अनुवादाला हात घालण्यापूर्वी आम्ही एक वाक्य बाजूला काढलं, कारण ते वचन नव्हतं. विशेष विवाह कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार विधी कोणताही चालतो, पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर वधूवरांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव घेऊन ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी किंवा पती म्हणून स्वीकारतो’ या अर्थाचं वाक्य म्हटलंच पाहिजे. त्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. भाषेबद्दल कायद्याची अट एवढीच आहे की ती दोन्ही पक्षांना समजणारी असावी. मुलीने हे वाक्य मराठीत म्हणायचं आणि मुलाने हिंदीत, हे या जोडप्याला शक्य होतं, कारण त्याला पुण्यात राहून मराठी कळू लागलं होतं आणि ती शाळेपासून हिंदी शिकलेली होती. तो महिन्यापूर्वीच पुण्यात आला असता, तर मी दोघांनाही ते वाक्य हिंदीतच म्हणायला सांगितलं असतं.

या वाक्याचा काळही जपावा लागतो. मुलाच्या मसुद्यात ‘स्वीकार करूँगा’ असं होतं, कारण पुढची सगळी वचनं भविष्यकाळात होती आणि त्याच ओघात हेही आलं. पण ‘स्वीकारीन’ म्हणणं म्हणजे पुढे कधीतरी लग्न करण्याचं आश्वासन देणं. तो फार तर साखरपुडा झाला. कायद्याला हवं असलेलं वाक्य वर्तमानकाळातच हवं: ‘स्वीकारते’, ‘स्वीकार करता हूँ’. ते पुढच्या वचनांत गुंफू नये, त्याला अलंकार चढवू नयेत आणि दुसऱ्या कुणाकडून त्याचा अनुवादही वदवून घेऊ नये. दोघांनी ते स्पष्ट म्हणावं, अधिकाऱ्याला आणि साक्षीदारांना ऐकू जावं, आणि मगच वचनांकडे वळावं.

वचनांची खरी अडचण अशी की मराठी आणि हिंदीची लिपी एक आहे. तमिळ किंवा बंगाली मजकूर समोर आला की आपल्याला कळत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. हिंदी वाचताना मात्र मराठी माणसाला सगळं कळल्यासारखं वाटतं. मुलाच्या मसुद्यात ‘तुम्हें ख़ुश रखने की हर चेष्टा करूँगा’ असं वाक्य होतं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. साताऱ्याच्या आजींनी ते ऐकलं असतं, तर नातजावई भर मांडवात थट्टा करण्याची शपथ घेतोय असं त्यांना वाटलं असतं. मुलीने लिहिलं होतं, ‘तुझ्या घरच्यांवर माया करीन.’ मराठीत हा शब्द आईच्या हातासारखा ऊबदार आहे, पण हिंदी कानाला माया म्हणजे भ्रम किंवा धनदौलत. असे शब्द सापडले की त्यांना पर्याय शोधण्याच्या मागे मी लागत नाही. दोन्हीकडे वेगळा अर्थ असलेला शब्द मूळ वाक्यातूनच काढायला सांगते, कारण मांडवात ऐकणाऱ्याच्या हातात कोश नसतो.

त्याहून अवघड जातात ते एकाच भाषेत पूर्ण असलेले वाक्प्रचार. मुलीचं एक वचन होतं, ‘तुझ्या आईवडिलांना सांभाळून घेईन.’ त्याचं हिंदी तिच्या एका मैत्रिणीने आधीच करून ठेवलं होतं: ‘तुम्हारे माँ-पापा के साथ निभा लूँगी।’ मी ते हिंदी वाक्य मूळ मराठी न पाहिलेल्या एका बाईंना दिलं आणि त्याचं मराठी करायला सांगितलं. उत्तर आलं, ‘तुझ्या आईवडिलांशी कसंबसं जुळवून घेईन.’ अर्थ कुठे गळाला हे शोधायचा माझ्या माहितीतला सर्वांत भरवशाचा मार्ग हाच आहे. अनुवाद मूळ न पाहिलेल्या माणसाकडून परत मूळ भाषेत आणायचा आणि दोन वाक्यं शेजारी ठेवायची. मात्र हा माणूस जोडप्याच्या घरातला नसावा. घरातल्याला मुलीचा स्वभाव माहीत असतो आणि तो वाक्यातली उणीव आपल्या माहितीने नकळत भरून काढतो.

दोष मैत्रिणीच्या हिंदीत होता, पण मूळ वाक्यातही होता. ‘सांभाळून घेईन’ म्हणजे नेमकं काय करशील, असं मी विचारलं, तेव्हा मुलगी बराच वेळ बोलत राहिली. सासऱ्यांना मधुमेह आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे, आणि तिच्या माहेरी आजोबांचं सगळं एकट्या आईने केलेलं तिने पाहिलं होतं. त्यातून वाक्य निघालं: ‘तुझे आईवडील आजारी पडले, तर त्यांची देखभाल तुझ्या एकट्यावर टाकणार नाही.’ हे हिंदीत गेलं आणि परत आलं तेव्हा शब्द एखाद-दुसराच बदलला होता, अर्थ तसाच होता. भावना सांगणारं वचन भाषा बदलली की पातळ होतं. कृती सांगणारं टिकतं, कारण ते मोडलं तर कोणत्याही भाषेत मोडलेलं दिसतं.

मुलाचं ‘तुम्हारे करियर का सम्मान करूँगा’ हेही आम्ही याच रीतीने पुन्हा घडवलं. पण ते पाहण्याआधी ‘आपण’बद्दल सांगायला हवं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे वेगळे आहेत: आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, आपण म्हटलं की तो आत येतो. हिंदीत दोन्हींसाठी ‘हम’ आहे. शिवाय कानपूर-लखनौकडे पुष्कळ लोक स्वतःपुरतं बोलतानाही ‘हम’च म्हणतात. म्हणजे मुलगा ‘हम तय करेंगे’ म्हणाला, तर त्याच्या काकांना ‘मी ठरवीन’ असंही ऐकू येऊ शकतं, आणि वचनाचा अर्थ उलटाच होतो. म्हणून हिंदीत प्रत्येक ठिकाणी ‘हम दोनों’ लिहिलं. मराठीत मात्र कुणाला उद्देशून बोलतोय ते पाहून निवड केली: एकमेकांना सांगताना ‘आपण दोघं’, मांडवातल्या लोकांना सांगताना ‘आम्ही दोघं’.

संबोधनात समानता राखणंही सोपं नव्हतं. मुलगी नवऱ्याला ‘तू’ म्हणणार होती आणि तोही तिला. पण हिंदीत नवराबायकोचं ‘तू’ त्याच्या घरच्यांना उर्मट वाटलं असतं, आणि त्या घरची रीत अशी की बायको नवऱ्याला ‘आप’ म्हणते, नवरा बायकोला ‘तुम’. मराठी वचनात दोघं एका पायरीवर आणि हिंदीत एक खाली, असं झालं तर लग्नच दोन वेगवेगळी होतात. दोघांनी दोन्ही बाजूंनी ‘तुम’ ठरवलं. मुलाने ते आईला आधीच सांगून ठेवलं, हे मला फार आवडलं.

आता मांडणी. प्रत्येक वाक्यानंतर निवेदकाने अनुवाद सांगायचा, ही सर्रास वापरली जाणारी पद्धत मला पटत नाही. ज्याने वचन दिलं त्याचा आवाज विरण्याआधीच तिसरा आवाज मध्ये येतो, आणि दुसऱ्या भाषेतले पाहुणे वधूवरांऐवजी निवेदकाकडे बघायला लागतात. आम्ही दुसरी भाषा ऐकणाऱ्याच्या तोंडी दिली. वचन देणारा आपल्या भाषेत देतो. घेणारा तेच आपल्या भाषेत परत म्हणतो आणि स्वीकारतो.

वर म्हणाला, ‘नौकरी के लिए शहर बदलना पड़ा, तो फ़ैसला मैं अकेले नहीं करूँगा, हम दोनों मिलकर करेंगे।’

वधू म्हणाली, ‘नोकरीसाठी गाव बदलायची वेळ आली, तर तू एकटा ठरवणार नाहीस, आपण दोघं मिळून ठरवू. तुझं हे वचन मी स्वीकारते.’

मग वधूने आईवडिलांच्या आजारपणाचं वचन मराठीत दिलं, आणि वर म्हणाला, ‘मेरे माँ-पापा बीमार पड़े, तो तुम उनकी देखभाल अकेले मुझ पर नहीं छोड़ोगी। तुम्हारा यह वचन मुझे स्वीकार है।’

यात अनुवाद होतो, पण तो अनुवाद म्हणून उभा राहत नाही. आपल्याला काय मिळालं हे घेणाऱ्याने बोलून दाखवलेलं असतं. दोघंही आपापल्या भाषेत बोलतात, त्यामुळे ‘काळजी’तला ळ किंवा ‘फ़ैसला’तला फ़ अडखळत नाही. कागद मात्र दोघांचे वेगवेगळे आणि मोठ्या अक्षरांत छापावेत. ‘मी ठरवीन’ हे मराठी क्रियापद दोघांनाही चालतं, पण हिंदीत ‘करूँगा’ आणि ‘करूँगी’ वेगळे. एकाच कागदावर दोन्ही पर्याय तिरकी रेघ मारून लिहिले, की घाबरलेला नवरदेव नेमका चुकीचा वाचतो.

हीच जुळणी सप्तपदीसोबत करायची असेल, तर वेगळी काळजी लागते. हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे विधीत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण होतं, त्यामुळे मूळ विधी अखंड राहिला पाहिजे. आणि ‘सात’ हा आकडा फसवा आहे. आपल्याकडच्या सप्तपदीत तांदळाच्या लहान राशींवर पावलं टाकताना अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि शेवटी सख्य यांची नावं घेतली जातात, आणि परंपरेने ते बोलतो वर. उत्तरेत ज्यांना ‘सात वचन’ म्हणतात, त्यांत डाव्या बाजूला बसण्यापूर्वी वधू वराकडून अटी मान्य करून घेते: तीर्थयात्रेत मला सोबत न्याल, माझ्या आईवडिलांचा मान ठेवाल, अशा स्वरूपाच्या. पुष्कळ छापील पत्रिकांत एकाच्या खाली दुसऱ्याचा मजकूर अनुवाद म्हणून दिलेला असतो. बोलणारा वेगळा, मागणं वेगळं, आणि पाहुण्यांना वाटतं की दोन्हीकडे एकच म्हटलं गेलं. दोन्ही हवे असतील, तर दोन्ही स्वतंत्रपणे करावेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या स्त्रिया संस्कृत मंत्रानंतर त्याचाच अर्थ मराठीत सांगतात. तसाच तो त्याच मंत्रावरून हिंदीत करून घ्यावा.

आमच्या जोडप्याने सप्तपदी केली नाही. विवाह नोटिशीनंतरचे तीस दिवस त्यांना मसुद्यासाठी मिळाले आणि शेवटी चारच वचनं उरली, दोन त्याची, दोन तिची. पाचवं एक मुलीला फार हवं होतं: ‘तुझ्यावर जीव लावीन.’ त्याचं हिंदी नीट होईना, आणि परत आणलं की दर वेळी जीव ‘देण्यावर’ येऊन थांबे. मी ते यादीतून काढायला सांगितलं. वचनांचा भाग संपल्यावर, हार घालताना, ती ते त्याला मराठीतच म्हणाली, आणि तिथे कुणी त्याचा अनुवाद केला नाही.