पाचव्या दिवशी थांबायचं की दहाव्या?

घशाच्या संसर्गासाठी लिहून दिलेला दहा दिवसांचा कोर्स अनेक घरांत चौथ्या दिवशी संपतो. ताप उतरलेला असतो, मूल खेळायला लागलेलं असतं आणि उरलेली स्ट्रिप औषधांच्या डब्यात जाते. बरेचसे घसे विषाणूंमुळे दुखतात आणि तिथे अँटिबायोटिक मुळात लागतच नाही. पण दुखणं स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचं असेल तर दहा दिवसांना कारण आहे, आणि ते घशात नाही, हृदयात आहे.

हा घसा औषध न घेताही तीन ते पाच दिवसांत बरा वाटू लागतो. मात्र जिवाणू तिथेच राहिला, तर त्याच्याशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. हाच संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. 1950च्या सुमारास अमेरिकेतल्या वॉरन हवाई तळावर, घसा आलेल्या सैनिकांना पेनिसिलिन दिलं तर हा ताप टळतो, हे दिसून आलं. त्यासाठी जिवाणू घशातून पुरता जावा लागतो. गोळ्यांनी ते साधायला दहा दिवस लागतात. मूल एवढे दिवस गोळ्या घेणार नाही असं दिसलं, तर डॉक्टर लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन देतात.

आता न्यूमोनिया बघू. समजा, पन्नाशीच्या एका शिक्षकांना 102 ताप आहे, श्वास मिनिटाला 26, एक्स-रेमध्ये एका बाजूला डाग. दाखल करण्याइतकी तब्येत बिघडलेली नाही, म्हणून गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी ते तपासणीला आले तेव्हा ताप जाऊन 48 तास झाले होते, नाडी शंभराच्या आत, श्वास 24च्या आत, ऑक्सिजन आणि रक्तदाब ठीक, जेवण नीट, बोलणं स्वच्छ. इथे डॉक्टर औषध थांबवू शकतात. खोकला अजून असतो, एक्स-रेवरचा डाग तर कित्येक आठवडे राहू शकतो. पण तो भरून येण्याचा काळ आहे, औषध वाढवण्याचं कारण नव्हे. मुलांच्या सौम्य न्यूमोनियात तीन आणि पाच दिवसांचं अमॉक्सिसिलिन भारतातच पडताळून पाहिलं गेलं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

तिसऱ्या दिवशी ताप जागचा हलला नाही तर? त्याच गोळ्या आणखी पाच दिवस लिहिणं हा सोपा पण चुकीचा रस्ता. फुप्फुसाभोवती पू साचलाय का, जिवाणू वेगळा आहे का, हा क्षयरोग तर नाही ना, हे शोधावं लागतं. आपल्याकडे शेवटची शंका फार महत्त्वाची, कारण लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने क्षयाची लक्षणं काही दिवस दबतात आणि निदान लांबतं.

‘कोर्स अर्धवट सोडला की जिवाणू औषधाला दाद देत नाहीत’ हे वाक्य क्षयरोगाला लागू आहे. तिथे स्वतःहून एक दिवसही कमी करू नये. पण ते सरसकट खरं नाही. आपल्या आतड्यात अब्जावधी निरुपद्रवी जिवाणू असतात. न्यूमोनियाच्या गोळीचा मारा त्यांच्यावरही होतो. जितके दिवस गोळी चालू, तितकी त्यांच्यातल्या चिवट जिवाणूंची संख्या वाढते, आणि पुढे कधी लघवीचा संसर्ग झाला तर तो त्यांच्यातल्याच एखाद्याचा असू शकतो. गरजेपेक्षा जास्त दिवस हेही नुकसानच, हे आपल्या दवाखान्यांत पुरेसं बोललं जात नाही.

कोर्स बदलण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे लघवीचं कल्चर. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे डॉक्टर आधी अंदाजाने औषध सुरू करतात. रिपोर्टमध्ये जिवाणूच्या नावाखाली औषधांची यादी असते. सुरू केलेल्या औषधापुढे ‘आर’ दिसला, म्हणजे रेझिस्टंट, तर ते बहुधा बदललं जातं. ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह, असलेलं साधं, स्वस्त औषध पुरणार असेल, तर भारी औषध बंद करणं ही चांगली डॉक्टरकी आहे. औषध चालू असताना अंगावर पित्त उठलं, चेहरा सुजला, श्वास अडला, टाचेमागची शीर दुखू लागली किंवा जुलाब थांबेनात, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा; श्वास अडत असेल तर थेट रुग्णालय गाठावं.

चिठ्ठी हातात पडतानाच विचारावं: हे औषध कशासाठी, किती दिवस आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तर पुन्हा दाखवायला येऊ का? दहा दिवसांच्या घशाला डॉक्टर बहुधा नाही म्हणतील. न्यूमोनियाला बहुधा बोलावतील.