पन्नाशीनंतर मांडीतलं बळ

रोज सकाळी पाऊण तास फिरायला जाणारी कितीतरी माणसं जमिनीवरून उठताना मात्र हात टेकतात. चालणं हृदयासाठी उत्तमच, पण उठताना लागणाऱ्या स्नायूंना त्यातून पुरेसं काम मिळत नाही.

मांडीच्या स्नायूत संथ आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू न थकता बराच वेळ काम करतात. जोर लावायला किंवा ठेच लागल्यावर तोल सावरायला जलद तंतू लागतात. या तंतूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी पाठीच्या कण्यात असतात आणि एकेक पेशी अनेक तंतू सांभाळते. वयानुसार यातल्या काही पेशी मरतात. मग शेजारची पेशी आपली फांदी पाठवून काही पोरके तंतू सांभाळायला घेते. ती बहुधा संथ गटातली असते, त्यामुळे तिच्याकडे आलेला जलद तंतूही संथ होतो. उरलेले तंतू सुकतात आणि त्यांच्या जागी चरबी साठते. मांडीचा घेर तोच दिसतो, वजनकाटाही काही सांगत नाही, पण ताकद गेलेली असते.

मेलेली चेतापेशी परत येत नाही. उरलेल्या जलद तंतूंना मात्र जागं ठेवता येतं. हलक्या कामाला शरीर आधी संथ तंतू लावतं आणि ओझं वाढलं तरच जलद तंतूंना बोलावतं. म्हणूनच वजन उचलणं गरजेचं आहे.

याचा पुरावा १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टनमधून आला. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. वजनही हलकं नव्हतं. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल, त्याच्या सुमारे ८० टक्के. ज्यांनी हा कार्यक्रम पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू मात्र फक्त ९ टक्क्यांनी. म्हणजे स्नायू भरण्याआधीच मज्जासंस्था असलेले तंतू कामाला लावायला शिकली.

घरी याची सुरुवात खुर्चीपासून होते. हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी झाल्याचा संशय घ्यावा. मग हाच व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस करा, बसताना सावकाश आणि श्वास न रोखता. दहा वेळा सहज जमू लागलं की थांबू नका. पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तांदूळ घाला आणि पुढे वजन वाढवत न्या. शेवटच्या दोन खेपा जड जाव्यात, एवढं ओझं हवं. जेवणात डाळ, दूध, अंडी किंवा मासे असू द्या, कारण वाढत्या वयात स्नायू प्रथिनांना कमी दाद देतात. रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मध्येच सोडू नका. बोस्टनच्या त्या मंडळींनी व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यांची ३२ टक्के ताकद गेली होती.