निजामिया: कायद्याच्या शाळेतून पसरलेला अश्अरी विचार

अबुल हसन अल-अश्अरी हा इराकमधल्या बसऱ्याचा. वयाच्या चाळिशीपर्यंत तो मुताझिली पंडित होता. ईश्वर न्यायी असल्यामुळे माणसाची कर्मे माणूसच घडवतो आणि कुराण अनादी नसून ईश्वरनिर्मित आहे, असे मुताझिली तर्काने सिद्ध करत. ९१२ च्या सुमारास अश्अरीने हा पक्ष सोडला, पण तर्काचे हत्यार मात्र सोडले नाही. कुराण अनादी आहे, हा परंपरावाद्यांचा सिद्धांत तो मुताझिलींच्याच पद्धतीने मांडू लागला. कर्म ईश्वर निर्माण करतो आणि माणूस ते ‘कमावतो’, म्हणून जबाबदारीही त्याचीच, असा त्याचा तोडगा होता. ईश्वराच्या हातांचा उल्लेख खरा मानावा, पण ते कसे हे विचारू नये, असेही तो सांगे.

मधल्या वाटेने चालणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो, तसे अश्अरींचे झाले. मुताझिलींना ते तर्काशी फितूर वाटत. बगदादच्या हनबलींना तर श्रद्धेच्या बाबतीत वाद घालणेच मुळात पाप वाटे. आश्रय मिळाला तो खुरासानातल्या निशापूर शहरात, आणि तिथेही शाफी कायदापरंपरेच्या विद्वानांमध्ये. ही सांगड पुढे निर्णायक ठरली.

अकराव्या शतकाच्या मध्यावर सत्ता सेल्जुक तुर्कांकडे आली. सुलतान तुघ्रिलचा वजीर कुंदुरी हा हनफी होता. त्याच्या काळात मशिदींच्या व्यासपीठांवरून अश्अरींना जाहीर शिव्याशाप दिले जाऊ लागले आणि १०५३ च्या सुमारास त्यांच्या पुढाऱ्यांना पकडण्याचे हुकूम सुटले. तरुण विद्वान जुवैनी हिजाजला निघून गेला. मक्का-मदिनेतल्या या वास्तव्यामुळेच त्याला ‘इमामुल हरमैन’ ही पदवी चिकटली. १०६३ मध्ये तुघ्रिल वारला, पुढच्या वर्षी कुंदुरी मारला गेला आणि वजिरी शाफी असलेल्या निजामुल्मुल्ककडे आली. त्याने जुवैनीला परत बोलावून निशापुरात त्याच्यासाठी मदरसा उभारला.

बगदादची निजामिया १०६७ च्या सप्टेंबरमध्ये उघडली. तिला सरकारी कॉलेज म्हणण्याचा मोह होतो, पण कागदोपत्री ते निजामुल्मुल्कचे वक्फ, म्हणजे धर्मादाय दान होते. अर्थात वजिराची संपत्ती आणि राज्याची तिजोरी यांतली रेघ त्या काळी फारशी ठळक नव्हती. दान दिलेल्या मिळकतींच्या उत्पन्नातून शिक्षकांचे पगार आणि विद्यार्थ्यांचा खर्च भागे. दात्याने अटी घातल्या होत्या: मुख्य अध्यापक, प्रवचनकार आणि ग्रंथपाल शाफी परंपरेचेच असावेत. नेमणुकाही त्याने स्वतःच्या हाती ठेवल्या.

उद्घाटनाच्या दिवशी मात्र फजिती झाली. लोक जमले, पण नियोजित अध्यापक अबू इसहाक शिराजी आलाच नाही. मदरशाची जागा बळकावलेली आहे, असे कुणीतरी त्याच्या कानावर घातले होते. इब्नुस्सब्बाग याला बसवून वेळ निभावली, आणि वीस दिवसांनी शिराजीचे मन वळवण्यात आले.

या संस्थेत अश्अरी तत्त्वज्ञान हा मुख्य विषय नव्हता. शिकवला जाई तो कायदा, कारण काझी आणि मुफ्ती होण्यासाठी तोच लागे. विसाव्या शतकातले अभ्यासक जॉर्ज मकदिसी यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले. मदरसे म्हणजे अश्अरी प्रचारकेंद्रे, ही जुनी समजूत त्यांना मान्य नव्हती. तरीही एक आडवाट उघडी राहिली. कायदा शाफी असल्यामुळे शिकवायला येणाऱ्यांत अश्अरी बरेच असत आणि प्रवचनाचे व्यासपीठ त्यांना मोकळे मिळे.

ही वाट किती निसरडी होती, ते १०७७ मध्ये दिसले. निशापूरचा प्रवचनकार अबू नस्र कुशैरी निजामियात बोलायला उभा राहिला. हनबली ईश्वराला माणसासारखे शरीर चिकटवतात, असा आरोप त्याने जाहीरपणे केला. शहरात दंगल उसळली, माणसे मेली. शिराजीने वजिराकडे तक्रार केली, तेव्हा निजामुल्मुल्कने हनबलींना चिरडले नाही. उलट कुशैरीलाच बगदादहून हलवले. अश्अरी विचाराची सक्ती करायची नाही, एवढे भान या वजिराला होते. त्याला राज्य सांभाळायचे होते, शिवाय कैरोच्या फातिमी खलिफांचे इस्माइली प्रचारक समोर असताना सुन्नींमधली फूट त्याला परवडणारी नव्हती.

त्या प्रचाराला उत्तर देणारा माणूस मिळाला तो जुवैनीच्याच शिष्यांत. १०९१ मध्ये निजामुल्मुल्कने गजालीला बगदादच्या निजामियात नेमले. दिवसा कायदा शिकवणाऱ्या गजालीने इथेच तत्त्वज्ञांच्या खंडनाचा आपला ग्रंथ पुरा केला आणि खलिफा मुस्तझहिरच्या सांगण्यावरून इस्माइलींविरुद्धही लिहिले. १०९२ मध्ये निजामुल्मुल्कचा खून झाला. १०९५ मध्ये गजाली पद सोडून निघून गेला, पण मदरसा चालूच राहिला, कारण वक्फ वजिराबरोबर संपणारे नव्हते. पुढे नूरुद्दीनने सीरियात आणि सलाहुद्दीनने इजिप्तमध्ये मदरसे बांधले, तेव्हा कायद्याचे शिक्षण आणि वक्फाचे उत्पन्न ही सांगड त्यांनी तशीच उचलली.