वाढत्या अंगाचे कपडे

दहावी झाल्यावर माझा भाचा माण तालुक्यातल्या गावाहून पुण्याला अकरावीसाठी आला. कॉलेजला गणवेश नव्हता, आणि त्याच्या पिशवीत शाळेचे कपडे सोडले तर सगळे चुलतभावाचे उतरलेले होते. माझ्या बहिणीने साडेपाच हजार रुपये पाठवले होते आणि फोनवर सांगितलं होतं, "तूच बघ बाई, तुला शिवणातलं कळतं." मी त्याला विचारलं, तुझं शर्टाचं माप काय? त्याने "चाळीस" असं सांगितलं. ते माप त्याच्या चुलतभावाचं होतं. स्वतःच्या मापाचा कपडा सोळा वर्षांत त्याच्या अंगावर आलाच नव्हता, कारण गणवेश दरवर्षी वाढीव शिवला जायचा आणि बाकीचे मोठ्या भावाकडून यायचे.

म्हणून बाजारात जाण्याआधी टेप काढली. उंची 5 फूट 6 इंच, छाती 33, कंबर 28, खांदा साडेसोळा, बाही साडेतेवीस, पँटची उंची 39. हे सहा आकडे त्याने मोबाइलमध्ये लिहून ठेवले. मुलाची पहिली खरेदी बहुधा चुकते ती हे आकडे नसल्यामुळे, आणि त्यांच्या जागी घरात चालत आलेल्या काही समजुती असल्यामुळे.

"वाढतं अंग आहे, दोन बोटं मोठंच घ्या"

ही समजूत दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी ठीक आहे. सोळाव्या वर्षी ती बहुतेक वेळा चुकते. मुलगे सर्वांत झपाट्याने उंच होतात ते साधारण तेरा-चौदाच्या सुमारास. त्या काळात वर्षाला 9-10 सेंटिमीटर वाढणारी मुलं असतात. आधी पावलं वाढतात, मग पाय, मग धड. खांदे आणि छाती भरायला सर्वांत उशीर लागतो. म्हणजे सोळाव्या वर्षी उंचीची मोठी झेप बहुतेकांची होऊन गेलेली असते, रुंदी मात्र अजून यायची असते.

आपल्या मुलाचं काय चाललं आहे, हे घरीच कळतं. भाच्याच्या घरी दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा आहेत. दिवाळीपासून जूनपर्यंत तो जेमतेम दीड सेंटिमीटर वाढला होता. आवाज दोन वर्षांपूर्वीच फुटला होता, मिसरूड होतं. त्यामुळे पायाच्या लांबीची चिंता फारशी नव्हती. ज्या मुलाचा आवाज पंधराव्या वर्षीही फुटलेला नाही, त्याची झेप पुढे आहे. त्याच्यासाठी कपडे कमी घ्यावेत, स्वस्त घ्यावेत आणि पँटी शिवून घ्याव्यात.

वाढीची सोय कपड्याच्या बाहेर करायची नसते, आत करायची असते. शिंपी शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आम्ही 'माया' म्हणतो. शिवलेल्या पँटला मागच्या शिवणीत दीड इंच माया आणि पायाच्या दुमडीत दोन इंच कापड ठेवायला सांगा. आज पँट नीट बसते आणि वर्षभराने उसवून वाढवता येते. तयार जीन्सला कंबरेत अशी माया नसते, म्हणून तिची कंबर आजच्या मापालाच बघून घ्यावी लागते. एक अडचण मात्र राहते: दुमड उलगडली की जुनी रेघ दिसते. व्हिनेगरचं पाणी लावून इस्त्री केली तर घडी जाते, पण विटलेला रंग परत येत नाही. गडद निळ्यावर ती रेघ उठून दिसते, खाकीवर फारशी नाही.

शर्टाचं गणित वेगळं आहे, कारण खांदा सहजी बदलत नाही. घेर आत घेता येतो, बाही आखूड होते, पण खांदा कमी करायचा तर बाही पूर्ण उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो. एका बाजूला अर्ध्या इंचापर्यंत ते जमतं, त्यापुढे शर्टाचा आकारच बिघडतो. म्हणून दुकानात आधी एकच गोष्ट बघावी: खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येते का.

आणि मोठ्या शर्टात हात मोकळे राहतात, हाही गैरसमजच. मोठ्या शर्टाचा मुंढा खाली उतरलेला असतो. हात वर केला की तो सगळा शर्ट बरोबर ओढून नेतो. भाच्याला मी चुलतभावाचा 'चाळीस'चा शर्ट घालून बसमधला दांडा धरल्यासारखा हात वर करायला लावला, तर शर्ट पँटीतून पुरा बाहेर आला. मग त्याच्या खांद्याचा, मुंढा काखेलगत असलेला शर्ट घातला आणि तसाच हात वर केला. शर्ट जागेवर राहिला. "मावशी, हा घट्ट असून मोकळा वाटतोय," तो म्हणाला. अंगालगतच्या मुंढ्याचं काम हेच असतं.

"लेबलवरचा आकडा म्हणजे माप"

तयार शर्टांवर 38, 39, 40, 42 असे आकडे असतात. आपण ते छातीचे इंच समजतो. अनेक ऑफिसच्या पद्धतीच्या शर्टांवर ते कॉलरचे सेंटिमीटर असतात, 38 म्हणजे सुमारे 15 इंचांची कॉलर. मध्येच 39 हा आकडा दिसला की समजावं, हे गळ्याचं माप आहे. उलट काही साध्या शर्टांवर तोच 38 छातीच्या इंचांचा असतो. त्यामुळे दोन दुकानांतले दोन '38' एकमेकांशी जुळत नाहीत. एस, एम, एल ही अक्षरं तर प्रत्येक कंपनी आपापल्या तक्त्याने लावते, आणि ते तक्ते बरेचसे परदेशी शरीरांवरून आलेले आहेत. भारतीय शरीरांची मापं घेण्यासाठी एनआयएफटीने 'इंडियासाइझ' ही पाहणी हाती घेतली ती याच कारणाने. जीन्सचंही तेच. 30 लिहिलेल्या जीन्सची कंबर टेपने 31 किंवा 32 भरलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

उपाय सोपा आहे. टेप खिशात ठेवा आणि शरीराऐवजी कपडा मोजा. शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. अंगाच्या छातीपेक्षा शर्ट चार इंच जास्त हवा, टी-शर्ट दोन-तीन इंच. भाच्याच्या 33 छातीला 37 घेराचा शर्ट, म्हणजे सपाट साडेअठरा. पाच शर्ट मोजल्यावर एक मिळाला. त्याच्यावर 'एस' लिहिलं होतं, आणि त्याला ते अक्षर लहान मुलाचं वाटलं. खांदा बरोबर बसला होता, म्हणून तोच घेतला.

"शुद्ध सुती तेच चांगलं"

सुती कापड घाम शोषतं, हे खरं. पॉलिस्टर जवळजवळ शोषत नाही, शिवाय अंगाचं तेल धरून ठेवतं, त्यामुळे काखेचा वास धुतल्यावरही राहतो. टी-शर्ट आणि बनियन सुतीच हवेत. पण शोषलेलं पाणी सुती कापड सोडतही हळू. पुण्यात जुलैमध्ये होस्टेलच्या खोलीत दोरीवर टाकलेली जाड सुती जीन्स दोन दिवसांतही कंबरपट्टीजवळ ओली राहते, आणि ओली घडी केली की कुबट वास धरते. म्हणून शर्टाला थोडं पॉलिस्टर मिसळलेलं सुती, रोजच्या पँटला पातळ ट्विल आणि जीन्स हलक्या वजनाची एकच, असं आम्ही ठरवलं.

कापड कशाचं आहे याची शंका असेल तर आतल्या शिवणीच्या कडेचा, कापडाचाच एक धागा ओढून जाळून बघा. शिलाईचा दोरा घेऊ नका, तो सुती कपड्यातही बहुधा पॉलिस्टरचा असतो. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख भुरभुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मिसळलेलं असेल तर राखेत मणी सापडतात.

दुकानदार आणखी एक सांगतात: "बायोवॉश आहे, आटणार नाही." बायोवॉशचं मुख्य काम कापडावरचे बारीक तंतू काढून ते गुळगुळीत करणं हे असतं. आटणं थांबण्याची ती हमी नाही. विणीचा सुती टी-शर्ट आधी आटवलेला नसेल तर पहिल्या धुण्यात लांबीला पाच टक्के सहज जातो, म्हणजे 27 इंचांतला सव्वा-दीड इंच. त्यासाठी लांबी थोडी जास्त घ्यावी, खांदा जास्त घेऊ नये. जीन्सही एकदा धुऊनच आखूड करायला द्यावी. आमच्याकडे दर हंगामात अशा दोन-तीन जीन्स येतात ज्या आधी कापल्या आणि मग आटल्या.

"रोज वेगळा कपडा हवा, आणि जुने सगळे काढून टाकायचे"

किती कपडे लागतात हे धुण्याच्या वारावर ठरतं. भाच्याच्या होस्टेलमध्ये बुधवारी आणि रविवारी धुणं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार तीन शर्ट. ते पावसात वाळेपर्यंत गुरुवार, शुक्रवारला आणखी दोन. शनिवारी पहिले परत हाती येतात. म्हणजे पाच पुरतात, आणि एखाद्या भिजल्या दिवसासाठी एक जास्त, असे सहा. पँट दोन-तीन दिवस चालते, म्हणून तीन: एक अंगावर, एक धुण्यात, एक कोरडी.

या सहा-तीनमध्ये जुन्यातलं काय बसतं ते आधी बघितलं. चुलतभावाच्या दोन शर्टांचे खांदे मोजले. साडेअठरावाला परत बांधून ठेवला. सतराचा ठेवला, कारण एका बाजूला पाव इंचाचा फरक अंगावर दिसतही नाही. त्याचा घेर आणि बाही तेवढी आत घेतली. एक टी-शर्टही चालला. शाळेची दहावीची निळी पँट ही मुळात एक साधी, उत्तम पँट आहे. कंबर ठीक होती, पाय एक इंच सोडले, रेघ थोडी दिसते पण बुटाजवळ. आतले कपडे मात्र उतरलेले घेऊ नयेत, ते सगळे नवे घेतले.

हिशेब असा झाला. दोन टी-शर्ट 700. तयार शर्ट 700. दुसरा शर्ट कापड आणि शिलाई मिळून 800. जीन्स 1000. राखाडी ट्विलची पँट कापड आणि शिलाईसह 950, मायेसकट. जुन्यांची दुरुस्ती 150. बनियन आणि अंडरवेअर मिळून 700. एकूण पाच हजार. पँटी तिन्ही साध्या रंगांच्या ठेवल्या, त्यामुळे चौकडीचा शर्ट असो की पिवळा टी-शर्ट, कशावरही काहीही चालतं.

उरलेले पाचशे बहिणीला परत पाठवले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा खांदा पुन्हा मोजायचा आहे. तो सतराच्या पुढे गेला असेल तर एक नवा शर्ट, नसेल तर स्वेटर.